मोसंबीला टोचलेली लवंग

भाच्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वह्या तपासत बसले होते. "मावशी, तीन मिनिटं वीस सेकंदांची फिल्म आहे, लहान मुलांसाठी. दिवस आणि रात्र का होतात, एवढंच सांगायचंय. चित्रं माझी, आवाज तुझा. एका संध्याकाळचं काम आहे." ते काम पाच आठवडे चाललं. त्यातले निम्मे दिवस एकाच शब्दाने खाल्ले. तो शब्द म्हणजे ‘फिरते’.

मी नाशिकला पंचवटीत राहते, प्राथमिक शाळेत शिकवते आणि काही वर्षांपासून मुलांच्या गोष्टी घरीच रेकॉर्ड करते. मायक्रोफोन, तो लॅपटॉपला जोडायचा डबा आणि कानावरचे हेडफोन एवढंच सामान. गोष्टीत शब्द थोडा इकडेतिकडे झाला तरी राजा राजाच राहतो. इथे तसं नव्हतं. इथे चुकीचा शब्द म्हणजे मुलाच्या डोक्यात चुकीची पृथ्वी, आणि ती एकदा बसली की काढणं किती अवघड जातं ते मी वर्गात दर वर्षी बघते.

अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्रं नंतर, हे मला माहीत नव्हतं. आधी मोबाइलवरच कच्चा आवाज रेकॉर्ड करायचा. त्यावर भाचा साधी रेघांची चित्रं बसवतो, कुठल्या वाक्याला किती सेकंद लागतात ते बघतो. ते जमलं की पक्का आवाज, आणि मग त्या आवाजाच्या मापाने खरी, रंगीत, हलणारी चित्रं. पक्क्या आवाजानंतर एक वाक्य बदललं तरी त्याची दोन-तीन दिवसांची चित्रं वाया जातात. म्हणून जे काही चुकायचं ते कच्च्या आवाजातच चुकलेलं बरं.

त्याने पाठवलेली संहिता चारशे दहा शब्दांची होती. मी घड्याळ लावून वाचली, तर तीन मिनिटं वीस सेकंदांत बसवायला बातम्या वाचल्यासारखी पळवावी लागली. सात-आठ वर्षांच्या मुलाला नवीन गोष्ट सांगताना, मधल्या थांबण्यासकट, मिनिटाला नव्वद शब्दांच्या आसपास मला जमतं. त्याहून वेग वाढला की मुलं चित्र बघतात आणि आवाज सोडून देतात. म्हणजे तीनशे शब्द. शंभरावर शब्द जायलाच हवे होते. कुठले जावेत हे मात्र मी ठरवलं नाही, ते गल्लीतल्या मुलांनी ठरवलं.

त्या पहिल्या संहितेत दोन उपमा होत्या. एक तव्यावरच्या पोळीची: एक बाजू भाजते तेव्हा दुसरी वर असते, मग पोळी उलटते, तशी पृथ्वीची एक बाजू उजेडात आणि दुसरी अंधारात. दुसरी देवळातल्या प्रदक्षिणेची. आणि मधोमध ते वाक्य, जे आपण सगळेच शाळेत पाठ करून आलो: "पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते. त्यामुळे दिवस आणि रात्र होतात."

मी कच्चा आवाज दिला, रेघांची चित्रं आली, आणि एका रविवारी दुसरी ते चौथीतली सहा मुलं आमच्या पुढच्या खोलीत बसवली. फिल्म दोनदा दाखवली. "समजलं का?" असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाला मुलं एका सुरात "हो" म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एक मोसंबं घेतलं, देठ वर धरला आणि मधल्या भागाच्या जरा वरच्या बाजूला एक लवंग टोचली. खोली अंधारी करून टेबलावर उघडा बल्ब लावला. टॉर्च मुद्दाम टाळला, कारण टॉर्चचा झोत मोसंब्यावर गोल चकती पाडतो आणि मुलांना वाटतं की ऊन पृथ्वीवर ठिगळासारखं पडतं. उघडा बल्ब पाच-सहा फुटांवर ठेवला की बरोबर अर्धं मोसंबं उजळतं. मग एकेकाला बोलावून म्हटलं, "ही लवंग म्हणजे नाशिक. आता नाशिकमध्ये रात्र करून दाखव. मग सकाळ."

सहांपैकी चौघांनी मोसंबं हातात धरलं आणि ते बल्बभोवती चालायला लागले.

एकाने तर पलीकडे जाऊन भिंतीपाशी मोसंबं थांबवलं आणि म्हणाला, "इथं रात्र." लवंग तेव्हा बल्बकडेच तोंड करून होती, स्वच्छ उजेडात. पण त्याच्या मनात पृथ्वी ‘लांब गेली’ होती, म्हणून रात्र. दुसरीतल्या एकीने मोसंबं एकदम पालथं केलं, देठ खाली. तिला पोळी आठवत होती. मग तिनेच विचारलं, "काकू, म्हणजे रात्री आपण उलटे लटकतो का?"

पोळी तिथेच गेली. पोळी एका झटक्यात उलटते, तिला मधली स्थिती नाही, म्हणून तिच्यात सकाळ आणि संध्याकाळ बसतच नाहीत. आणि ती उलटते ती वरची बाजू खाली अशी, तर पृथ्वीचं देठ जिथल्या तिथे राहतं. मुलांच्या ओळखीची वस्तू आहे एवढ्यावर उपमा निवडली की हे असं होतं. वस्तू ओळखीची हवीच, पण तिची हालचालही हवी तीच असायला हवी.

चालणाऱ्या चौघांबद्दल मात्र मी रात्री बराच वेळ विचार करत राहिले. स्वयंपाकघरात बसून मी स्वतः ते मोसंबं बल्बभोवती नेलं, जराही न वळवता, लवंग सतत खिडकीकडे ठेवून. आणि लक्षात आलं की मुलं सगळीच चुकलेली नव्हती. मोसंबं बल्बच्या एका बाजूला असताना लवंगेवर उजेड पडतो, पलीकडे गेलं की ती अंधारात जाते. म्हणजे नुसती फेरी मारूनही दिवस-रात्र होतेच, पण अख्ख्या फेरीत एकदाच. फेरीला एक वर्ष लागतं. अशा पृथ्वीवर नाशिकला सुमारे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र राहिली असती. आपली रोजची रात्र त्या फेरीची नाही, ती गिरकीची आहे. आणि आमच्या वाक्याने दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगून पुढे ‘त्यामुळे’ जोडला होता. मुलांनी त्यातली जी मोठी, दिसायला सोपी हालचाल होती ती उचलली.

त्यात मराठीने भर घातलेली. आपण बागेत फिरायला जातो, पंखा फिरतो, भोवरा फिरतो, घार आकाशात फिरते, पाहुणे माघारी फिरतात. जागेवर राहून फिरणं आणि जागा सोडून फिरणं, दोन्हीला एकच क्रियापद. पाठ्यपुस्तकात परिवलन आणि परिभ्रमण असे दोन शब्द आहेत, पण ते इतके सारखे वाजतात की चौथीतली मुलंच काय, मोठी माणसंही त्यांची अदलाबदल करतात. कानाने ऐकायच्या फिल्ममध्ये तर ते शेजारी शेजारी आले की एकच शब्द दोनदा म्हटल्यासारखे जातात.

मला असा शब्द हवा होता ज्यात जागा सोडायची सोयच नाही. तो शब्द मुलांनीच त्या संध्याकाळी दिला. खाली अंगणात दोघी मुली फ्रॉकचा घेर फुलवत गरगरत होत्या आणि एक ओरडली, "बघ, मी दहा गिरक्या घेतल्या!" गिरकी! गिरकी कुणी कुणाभोवती घेत नाही. ती जागच्या जागीच घ्यायची. आणि सूर्याभोवतीच्या प्रवासाला ‘फेरी’. एक गिरकी, एक फेरी, दोन्ही मुलांच्या रोजच्या तोंडातले शब्द.

मी भाच्याला सांगितलं की फेरी या फिल्ममधून काढून टाक, पूर्णपणे. तो कचरला. "मावशी, अर्धवट वाटेल. लोक म्हणतील, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगितलंच नाही." मी म्हटलं, आपला प्रश्न दिवस आणि रात्रीचा आहे. फेरी ऋतूंच्या फिल्ममध्ये येऊ दे. इथे ती आली की मुलं मोसंबं घेऊन चालायला लागतात. एक बारीक जागा मात्र मी सांभाळली. "पृथ्वी २४ तासांत एक गिरकी घेते" असं संहितेत होतं. ताऱ्यांच्या हिशोबाने पूर्ण गिरकीला २३ तास ५६ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी फेरीच्या वाटेवर थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून पुन्हा सूर्यासमोर यायला तिला आणखी चार मिनिटं वळावं लागतं. हे मुलांना सांगायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं. वाक्य असं केलं: "सूर्यासमोरून निघून पुन्हा सूर्यासमोर यायला नाशिकला २४ तास लागतात." वाक्य खरं राहिलं आणि सोपंही.

आता प्रदक्षिणा. भाच्याला ती सोडवत नव्हती आणि मलाही आवडली होती. देवळात आपण गाभाऱ्याभोवती चालत जातो, पण घरी देवघरासमोर जागा नसते, तेव्हा आपण हात जोडून जागच्या जागीच वळतो. हुबेहूब गिरकी! समईसमोर उभी असलेली मुलगी, तिच्या नाकावर एक ठिपका, तो ठिपका म्हणजे नाशिक. ती वळते, नाक अंधारात जातं, पाठीवर उजेड येतो, पुन्हा वळते, नाकावर उजेड. समई जागची हलत नाही. याहून चांगलं काय असणार, असं वाटून आम्ही ते पक्कं केलं आणि मी पक्का आवाज रेकॉर्ड करायला बसले.

पंचवटीत दिवसा रेकॉर्डिंग होत नाही. पहाटेपासून देवळांच्या घंटा, मग भाविकांच्या गाड्या, रिक्षा, भाजीवाले. रात्री अकरानंतर जरा शांत होतं. मी मधल्या खोलीत, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसते, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकते. त्याने भिंतीवरून आपटून परत येणारा आवाज मरतो. डिसेंबर होता, त्यामुळे पंखा बंद ठेवायचा त्रास नव्हता. फ्रिज मात्र बंद करावा लागतो, त्याची घरघर आपल्या कानाला सवयीने ऐकू येत नाही पण मायक्रोफोनला येते. फ्रिज बंद करताना मी स्कूटीची किल्ली आत ठेवते, म्हणजे सकाळी शाळेत निघताना फ्रिज सुरू करायचं विसरत नाही.

मायक्रोफोनपासून तोंड एक वीत लांब ठेवायचं. माझा खरा अडथळा होता तो ‘पृथ्वी’. तो ‘प’ ओठांतून हवेचा गोळा सोडतो आणि मायक्रोफोनवर धप्प असा आवाज उमटतो. तोंडासमोर तळवा धरून ‘पृथ्वी’ म्हणून बघा, हवा लागते. मग ‘सूर्य’ म्हणा, फारशी लागत नाही. जाळी लावूनही धप्प पूर्ण जाईना, तेव्हा मी मायक्रोफोन तोंडासमोरून काढून थोडा कडेला, गालाच्या रेषेत ठेवला, आणि हवा त्याच्या बाजूने निघून गेली. हेडफोनमधून तपासायचं असेल तर अर्थ न ऐकता फक्त प, फ, ब, भ ऐकत जायचं. ‘स्वतःभोवती’ या शब्दाची वेगळीच अडचण. त्यातला विसर्ग नीट म्हटला तर ठेच लागते, सोडला तर ‘स्वता’ ऐकू येतं. तिथे ‘जागच्या जागी’ घातलं आणि वाक्य एकदम मोकळं झालं.

आवाजाबद्दल माझं मत ठाम आहे. मुलांसाठी बोलायचं म्हणून आवाज लाडिक, टोकाला चढवलेला करू नये. आठ वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं आणि आपल्याला बाळ समजलं गेलं म्हणून ते दूर होतं. मी समोरच्या खुर्चीवर एक मूल बसलंय असं धरून बोलते, आणि ‘मुलांनो’ न म्हणता ‘बघ’, ‘थांब’, ‘सांग’ म्हणते. या फिल्ममध्ये तर शांतता शब्दांइतकी महत्त्वाची होती. "समई हलली का?" या प्रश्नानंतर मी दीड सेकंद थांबले. भाच्याला ती जागा रिकामी वाटली, पण मुलं नेमकं तेव्हाच मनात उत्तर देतात. ती जागा भरली तर उत्तर आपलं होतं, त्यांचं राहत नाही.

शेवटी अर्धा मिनिट काहीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड केली, ती वाक्यांच्या मधल्या जागांत भरायला लागते. भाच्याने रंगीत चित्रं सुरू केली. काम झालं असं आम्ही दोघांनी धरलं.

दहा दिवसांनी समईचं दृश्य तयार झालं. मी तीच मुलं पुन्हा बोलावली. या वेळी बाकी सगळं जमलं, एकही मूल बल्बभोवती चाललं नाही, सगळ्यांनी मोसंबं बोटांत धरून जागीच वळवलं. पण चौथीतली एक मुलगी मात्र तसंच मोसंबं हातात घेऊन उभी राहिली. तिचं आजोळ नागपूरचं. ती म्हणाली, "काकू, आजी म्हणते आमच्याकडे सूर्य तुमच्या आधी उगवतो. मग नागपूर कुठं टोचू?"

मी पृथ्वीचा गोल आणला. समोरून बघितलं तर नागपूर नाशिकच्या उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. ते अंतर साधारण सव्वापाच अंशांचं आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, म्हणून नागपूरचा सूर्योदय नाशिकच्या सुमारे वीस मिनिटं आधी. आजीचं बरोबर होतं. आता हेच आमच्या फिल्ममधल्या मुलीच्या चेहऱ्यावर ठेवायचं. नाकावर नाशिक, तर नागपूर बघणाऱ्याच्या उजवीकडच्या, म्हणजे त्या मुलीच्या स्वतःच्या डाव्या गालावर. पाठमोरी मुलगी वळून समईकडे येते तेव्हा डाव्या गालावर उजेड आधी यायला हवा आणि नाकावर नंतर.

फिल्म पुन्हा लावली. मुलगी प्रदक्षिणा घालत होती, म्हणून रीतीप्रमाणे उजवीकडे वळत होती. आणि उजेड आधी तिच्या उजव्या गालावर येत होता, मग नाकावर, सगळ्यात शेवटी डाव्या गालावर. आमच्या फिल्ममध्ये नागपूरला सूर्य नाशिकनंतर उगवत होता. म्हणजे पश्चिमेकडून!

पुढच्याच दृश्यात भाच्याने पृथ्वीचा गोल बरोबर दिशेने फिरवला होता, उत्तरेकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. दोन दृश्यं एकमेकांविरुद्ध जात होती आणि आम्हा दोघा मोठ्यांना ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही प्रदक्षिणेकडे बघत होतो. मुलगी नागपूर शोधत होती, म्हणून तिला दिसलं. तेव्हापासून असं कुठलंही चित्र तपासताना मी एवढंच करते: ओळखीची दोन गावं घ्यायची, एक पूर्वेचं आणि एक पश्चिमेचं, आणि आधी कुठे उजाडतं ते बघायचं. दिशा चुकली असेल तर तिथे लपत नाही.

प्रदक्षिणा डावीकडून घालायला लावणं मला पटेना. घरोघरी मुलांना उजवी बाजू शिकवलेली असते, आणि आपण चित्रात उलटी दाखवली तर सूर्य सोडून मुलं त्याच चर्चेत अडकणार. म्हणून समई गेली, देवघर गेलं. त्या जागी अंगणातली संध्याकाळ, पायरीवर कंदील, आणि फ्रॉकवाली मुलगी डावीकडे गिरकी घेणारी. भाच्याची चार दिवसांची चित्रं गेली. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त म्हणाला, "मावशी, त्या मुलीचं नाव फिल्मच्या शेवटी टाकूया."

मला सहा वाक्यं नव्याने म्हणायची होती. तोपर्यंत थंडीने घसा धरला होता. पहिल्या रात्री म्हटलेली वाक्यं जुन्या आवाजात जोडली तर मधेच दुसरीच बाई बोलायला आल्यासारखं वाटत होतं. आवाज जाडसर होताच, शिवाय मी मायक्रोफोनच्या जरा जास्त जवळ बसले होते, आणि जवळ गेलं की आवाजाचा खर्ज वाढतो. चार दिवस थांबले. मग जुन्या रेकॉर्डिंगमधलं आधीचं वाक्य कानात लावायचं, ते संपतं त्याच सुरात, वीतभर अंतर मोजून, नवीन वाक्य उचलायचं. असं करत एकेक वाक्य बसवलं. शेवटी तो भाग असा झाला:

"बघ, ही मुलगी अंगणात उभी आहे. समोर कंदील आहे. तिच्या नाकावर एक ठिपका आहे. तो ठिपका म्हणजे आपलं नाशिक. नाकावर उजेड आहे. नाशिकमध्ये दुपार आहे. आता ती जागच्या जागी, डावीकडे, हळू... हळू... गिरकी घेते. नाकावरचा उजेड गेला. नाशिकमध्ये रात्र झाली. सांग, कंदील हलला का?"

आणि त्यानंतरची दीड सेकंदाची शांतता.

‘उगवला’ या शब्दाचा प्रश्न राहिलाच होता. सूर्य जागचा हलत नसेल तर तो ‘उगवतो’ आणि ‘मावळतो’ कसं म्हणायचं? भाच्याचं म्हणणं होतं की हे शब्दच टाळू, ‘दिसू लागतो’ म्हणू. मला ते नको होतं. घरात आई ‘सूर्य उगवला, ऊठ’ म्हणणार, आणि फिल्ममधली बाई तो शब्द चुकवत बोलणार, तर मुलाला वाटेल की शास्त्राची भाषा वेगळी आणि घराची वेगळी. त्याऐवजी तो शब्द उघडून दाखवावा. म्हणून फिल्म ‘सूर्य उगवला’नेच सुरू होते आणि पुढे आगगाडी येते. नाशिकरोडहून गाडी सुटली की खिडकीतून झाडं मागे पळताना दिसतात. झाडं पळत नाहीत, आपण पुढे जातोय. तसंच आपण पूर्वेकडे वळतोय, म्हणून सूर्य पूर्वेकडून वर येताना आणि पश्चिमेकडे सरकताना दिसतो.

ही उपमा मला सुचली असं मी म्हणणार नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ती नावेवरून दिली आहे: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे लंकेत सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. लंका म्हणजे त्या काळच्या ज्योतिषाने विषुववृत्तावर धरलेलं ठिकाण. नावेऐवजी मी गाडी घेतली, कारण आमच्या मुलांनी खिडकीतली झाडं जास्त पाहिलीत.

गाडीनेच आणखी एक प्रश्न सोडवला, तो प्रत्येक मूल विचारतंच: आपण वळतोय तर कळत का नाही? नाशिक या गिरकीत ताशी सुमारे १५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतं. तो आकडा मी तोंडाने म्हणून बघितला, मुलांच्या कानात तो नुसता मोठा वाजतो. मिनिटाचा हिशोब केला तर साधारण २६ किलोमीटर येतात. म्हणून फिल्ममध्ये म्हटलं, "तू एक ते साठ म्हणेपर्यंत नाशिक इतकं पुढे गेलेलं असतं, जितकं इथून त्र्यंबकेश्वर लांब आहे, जवळजवळ तितकं." आणि मग: गाडी एकसारखी, धक्का न देता चालली असेल आणि खिडकी बंद असेल, तर बाटलीतलं पाणी हलत नाही आणि गाडी चालू आहे हे कळतही नाही. पृथ्वीची गिरकी तशीच, कधी ब्रेक नाही, कधी हिसका नाही. शिवाय आपल्याभोवतीची हवाही आपल्याबरोबर येते, म्हणून वाराही लागत नाही.

शेवटच्या दृश्यात भाच्याने हौसेने पूर्ण चंद्र काढला होता, रात्र झाली की वर येणारा. तो मी काढायला लावला. पहिल्या रविवारी एक मुलगा म्हणाला होता, "चांदोबा येतो म्हणून सूर्य जातो." त्या चित्राने त्याला दुजोराच मिळाला असता. शुक्ल अष्टमीचा चंद्र तर दुपारच्या सुमारासच उगवतो आणि उन्हात पांढरा दिसतो. रात्र चंद्रामुळे होत नाही, रात्र म्हणजे आपण पृथ्वीच्याच सावलीत जाणं, हेच वाक्य त्या जागी आलं. ‘परिवलन’ हा शब्द मी अगदी शेवटी एकदाच ठेवला: "या गिरकीला पुस्तकात परिवलन म्हणतात." वस्तू आधी, नाव नंतर.

फिल्म पूर्ण झाल्यावर तिसऱ्यांदा मुलं आली. पहिल्या रविवारी मोसंबं घेऊन भिंतीपाशी गेलेला मुलगा या वेळी जागचा हलला नाही. देठ वर धरून, बोटांनी अगदी हळू, डावीकडे वळवत त्याने लवंग उजेडाच्या कडेवर आणून थांबवली. "सात वाजले. शाळेची रिक्षा." मग त्याने न विचारता डबीतून दुसरी लवंग घेतली. त्याचा मामा दुबईला असतो. मी गोलावर दुबई दाखवली, आणि पहिल्या लवंगेच्या पश्चिमेला, जरा वर, जेमतेम एक सेंटिमीटरवर ती कुठे येईल ते सांगितलं. त्याने ती टोचली, मोसंबं पुन्हा कडेवर आणलं आणि डोळा अगदी जवळ नेऊन दोन्ही लवंगांकडे बघितलं.

"मी रिक्षात बसलो," तो हळूच म्हणाला, "आणि मामाकडे अजून अंधार आहे."